सात टक्के हप्ता आणि बुडण्याचा हिशेब

12 सप्टेंबर 2008, शुक्रवार. न्यूयॉर्कमध्ये त्या संध्याकाळी फेडरल रिझर्व्हच्या इमारतीत बड्या बँकांचे प्रमुख जमले होते. विषय एकच होता: लेहमन ब्रदर्सचं काय करायचं? 1850 साली सुरू झालेल्या या पेढीला गिऱ्हाईक मिळतंय का, याची चाचपणी शनिवार-रविवार चालणार होती. त्याच दिवशी बाजारात लेहमनच्या कर्जावरचं पाच वर्षांचं संरक्षण सुमारे 700 बेसिस पॉइंटला मिळत होतं. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का. म्हणजे लेहमनच्या 1 कोटी डॉलरच्या रोख्यांना बुडण्यापासून संरक्षण हवं असेल, तर वर्षाला 7 लाख डॉलर मोजायचे.

त्या 700 च्या आकड्यात बाजाराचं एक मत दडलेलं होतं. ते बाहेर काढायला कॅलक्युलेटरसुद्धा लागत नाही. पण त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवायला मात्र तो आकडा कशाकशाचा बनतो ते पाहावं लागतं.

या संरक्षणाच्या कराराला क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप, म्हणजेच सीडीएस म्हणतात. करार दोघांत होतो. एकजण ठरलेल्या मुदतीपर्यंत दर तिमाहीला हप्ता भरतो. ज्या कंपनीच्या नावावर करार आहे ती मधल्या काळात बुडाली, तर दुसरा त्याला रोख्यावरचं नुकसान भरून देतो आणि हप्ते तिथेच थांबतात. कंपनी मुदतभर टिकली, तर भरलेले हप्ते दुसऱ्याच्या खिशात जातात. विम्यासारखंच दिसतं, पण एक मोठा फरक आहे. हप्ता भरणाऱ्याकडे तो रोखा असलाच पाहिजे असं नाही. लेहमनला एक पैसाही उधार न दिलेला माणूस लेहमन बुडण्यावर संरक्षण विकत घेऊ शकत होता, आणि अनेकांनी ते घेतलंही.

हप्ता किती असावा? इथे तीनच गोष्टी लागतात. पहिली, कंपनी बुडण्याचा वेग. याला बाजारात हॅझर्ड रेट म्हणतात आणि तो λ या ग्रीक अक्षराने लिहितात. दुसरी, बुडाल्यावर रोख्याचे किती पैसे परत मिळतील, म्हणजे वसुलीचं प्रमाण, R. तिसरी, व्याजदर, कारण चार वर्षांनी मिळणारा डॉलर आजच्या डॉलरइतक्या मोलाचा नसतो.

सगळ्यात सोपा हिशेब करताना हॅझर्ड रेट मुदतभर एकच धरतात. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. इराणी हॉटेलातला चहाचा काचेचा ग्लास घ्या. तो जुना झाला म्हणून फुटत नाही, हातातून निसटला म्हणून फुटतो. पहिल्या दिवशी फुटण्याची जितकी शक्यता, तितकीच तीन वर्षं टिकलेल्या ग्लासाची आज फुटण्याची. स्थिर हॅझर्ड रेट कंपनीला असाच ग्लास समजतो. आजवर टिकली असेल, तर पुढच्या क्षणी बुडण्याची शक्यता कालच्याइतकीच.

समजा एका कंपनीचा हा दर वर्षाला 3 टक्के आहे आणि बुडाल्यावर शंभरातले 40 परत मिळतील असा अंदाज आहे. 1 कोटी डॉलरच्या करारात भरपाई द्यावी लागली, तर ती 60 लाखांची. आता फक्त एका दिवसाचा विचार करू. कंपनी आज सकाळी उभी आहे. ती आजच्या दिवसात बुडण्याची शक्यता 3 टक्क्यांचा 365 वा भाग. तिला 60 लाखांनी गुणलं की विक्रेत्याच्या डोक्यावरचा आजचा सरासरी बोजा निघतो: सुमारे 493 डॉलर. म्हणून आजच्या दिवसाचा हप्ताही 493 डॉलर हवा. उद्या कंपनी उभी असेल, तर उद्याचाही तेवढाच. वर्षभराचे झाले 1 लाख 80 हजार डॉलर, म्हणजे 1.8 टक्के किंवा 180 बेसिस पॉइंट.

हेच एका ओळीत लिहिलं, तर असं होतं:

s ≈ λ × (1 − R)

s म्हणजे वार्षिक हप्ता. 3 टक्के गुणिले 0.6, उत्तर 1.8 टक्के. या क्षेत्रातले लोक या नात्याला क्रेडिट त्रिकोण म्हणतात, कारण तिघांपैकी कुठलीही दोन मूल्यं माहीत असली, की तिसरं मिळतं.

या सूत्रात व्याजदर कुठे गेला, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. त्याचं उत्तर त्या 493 डॉलरमध्येच आहे. आजचा हप्ता आणि आजचा बोजा दोन्ही आजचेच. हजाराव्या दिवसाचा हप्ता आणि त्या दिवसाचा बोजा दोन्ही हजाराव्या दिवसाचे. वर्तमान मूल्य काढताना दोन्हींना एकाच गुणकाने कात्री लागते, आणि दोन्ही पारडी सारखीच हलकी होतात. तोल ढळत नाही.

पण हप्ता रोज भरला जात नाही. म्हणून एकदा लांबचा हिशेबही करून पाहायला हवा. तीच कंपनी, मुदत पाच वर्षं, व्याजदर 4 टक्के, आणि सोयीसाठी हप्ता वर्षाच्या शेवटी. वर्षभर दर 3 टक्के राहिला, तर कंपनी पहिलं वर्ष पार करण्याची शक्यता 97.04 टक्के निघते आणि त्या वर्षात बुडण्याची 2.96 टक्के. दुसरं वर्ष पार करण्याची शक्यता 94.18 टक्के, म्हणजे दुसऱ्या वर्षात बुडण्याची 2.87 टक्के. ही घट पाहून दर कमी झाला असं वाटू शकतं. तसं नाही. दुसऱ्या वर्षात बुडायला आधी पहिलं वर्ष टिकावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. पाच वर्षं संपताना टिकण्याची शक्यता 86 टक्के उरते.

आता भरपाईची बाजू. बुडालीच तर सरासरी वर्षाच्या मध्यावर बुडेल असं धरू. पहिल्या वर्षातल्या संभाव्य भरपाईचं आजचं मोल येतं सुमारे 1 लाख 74 हजार डॉलर, दुसऱ्या वर्षातलं 1 लाख 62 हजार. असं करत पाचही वर्षांची बेरीज 7 लाख 59 हजारांवर जाते. दुसऱ्या पारड्यात हप्त्यांची बाजू. वर्षाला एक डॉलर हप्ता असेल, तर कंपनी टिकण्याची शक्यता आणि व्याज दोन्ही धरून पाच वर्षांच्या हप्त्यांचं आजचं मोल 4.07 डॉलर होतं. कंपनी वर्षाच्या मध्येच बुडाली, तर तोवरच्या महिन्यांचा हप्ताही द्यावा लागतो. तो मिळवून झाले 4.14. भागाकार केला की वर्षाचा हप्ता येतो सुमारे 1 लाख 84 हजार डॉलर, म्हणजे 1.84 टक्के.

झटपट सूत्र 1.80 म्हणालं होतं. फरक चार बेसिस पॉइंटांचा, आणि तो कुठून आला हेही सांगता येतं. वर्षभराचं संरक्षण आधी मिळतं, पैसे वर्षाअखेरीस द्यायचे असतात. सरासरी अर्धं वर्ष उधारी झाली, तिचं 4 टक्क्यांनी व्याज 2 टक्के, आणि 1.80 चे 2 टक्के म्हणजे जवळपास तेवढाच फरक. प्रत्यक्षातल्या करारांत हप्ता मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या 20 तारखेच्या आसपास देय असतो. तिमाही हप्त्याने हिशेब केला, तर हा फरक एका बेसिस पॉइंटवर येतो. व्याजदर दुप्पट, म्हणजे 8 टक्के केला, तर भरपाईची बाजू 7.59 लाखांवरून 6.92 लाखांवर उतरते, पण हप्त्यांची बाजूही तशीच उतरते. वार्षिक हप्ता 1.84 वरून फक्त 1.87 टक्क्यांवर जातो.

मग व्याजदराचं काहीच काम नाही का? आहे, पण ते हप्त्याचा दर ठरवताना दिसत नाही, करार हातात आल्यावर दिसतं. एप्रिल 2009 मध्ये अमेरिकेतल्या करारांचं प्रमाणीकरण झालं. तेव्हापासून वार्षिक हप्ता 100 किंवा 500 बेसिस पॉइंट असा ठोकळ ठेवतात आणि खऱ्या दराशी असलेला फरक सुरुवातीलाच रोख चुकता करतात. आपल्या कंपनीचा खरा दर 180 आणि करारातला हप्ता 100 असेल, तर घेणाऱ्याला वर्षाला 80 हजार डॉलर कमी पडतात. ही पाच वर्षांची सूट तो आधीच भरून देतो. तिचं आजचं मोल 4 टक्के व्याजदराने सुमारे 3 लाख 36 हजार डॉलर, 8 टक्क्यांनी 3 लाख 5 हजार. दर तोच, कंपनी तीच, आणि नुसत्या व्याजाने 31 हजारांचा फरक पडला. जुना करार मधेच विकताना नफा-तोटा मोजतात तोही असाच.

आता लेहमनकडे वळू. 700 बेसिस पॉइंट भागिले 0.6. हॅझर्ड रेट आला वर्षाला 11.7 टक्के. पाच वर्षांत बुडण्याची शक्यता 44 टक्के. शुक्रवारच्या त्या आकड्यात दडलेलं मत हे.

यातले 0.6 आले कुठून? वसुली 40 टक्के होईल या गृहीतकातून. विनातारण वरिष्ठ कर्जाला 40 टक्के वसुली धरायची हा बाजाराचा शिरस्ता आहे. प्रत्येक कंपनीचं नाव आलं की तिची मालमत्ता, तारण, देणेकऱ्यांची उतरंड तपासून कोणी हा आकडा ठरवत नाही. सगळे एकच आकडा धरतात, म्हणून भाव बोलायला सोपं जातं. खरी वसुली कळते ती कंपनी बुडाल्यावर. तेव्हा रोख्यांचा लिलाव होतो आणि त्यातला शेवटचा भाव सगळ्या करारांना लागू होतो.

लेहमनने 15 सप्टेंबरच्या पहाटे दिवाळखोरीचा अर्ज केला. 10 ऑक्टोबरला तिच्या रोख्यांचा लिलाव झाला. भाव निघाला शंभराला 8.625. म्हणजे 1 कोटींच्या करारावर विक्रेत्याला 60 लाख नव्हे, 91 लाख 37 हजार 500 डॉलर द्यावे लागले. ज्याने 60 लाखांची तयारी ठेवली होती, त्याला निम्म्याहून जास्त रक्कम वरून शोधावी लागली. त्याच आठवड्यात, 6 ऑक्टोबरला, अमेरिकी सरकारने ताब्यात घेतलेल्या फॅनी मे या गृहकर्ज संस्थेचा लिलाव झाला होता. करारातल्या व्याख्येनुसार सरकारी ताबा हीसुद्धा बुडण्यासारखीच घटना ठरली. पण रोख्यांमागे सरकार उभं होतं, त्यामुळे वरिष्ठ रोख्यांचा भाव 91.51 निघाला आणि विक्रेत्याला शंभरामागे जेमतेम साडेआठ द्यावे लागले. एकाच आठवड्यात ही दोन टोकं, आणि 40 चा शिरस्ता दोन्हींपासून दूर.

वसुलीचा अंदाज चुकला की त्रिकोणातली दुसरी बाजूही चुकते. लेहमनची वसुली 8.625 टक्केच होणार हे शुक्रवारी कोणाला ठाऊक असतं, तर त्याच 700 मधून हॅझर्ड रेट 7.7 टक्के निघाला असता आणि पाच वर्षांत बुडण्याची शक्यता 44 ऐवजी 32 टक्के. हप्ता दोन्ही वेळा तोच. बाजारातून फक्त गुणाकार दिसतो, त्यातले दोन आकडे वेगळे करता येत नाहीत. जोवर हप्ता लहान आहे तोवर याने फारसं बिघडत नाही, कारण वसुली जास्त धरली की बुडण्याची शक्यता वाढते आणि भरपाईचा बोजा तेवढाच राहतो. कंपनी गाळात गेली की मात्र सगळा खेळ वसुलीचाच होतो.

दुसरं गृहीतक जास्त नाजूक आहे. दर मुदतभर एकच राहतो, हे. लेहमनचा 11.7 टक्के दर खरंच स्थिर मानला, तर शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार या तीन दिवसांत ती बुडण्याची शक्यता येते हजारात एक. त्या इमारतीत बसलेल्या कोणाला हा आकडा पटला असता? बँक ऑफ अमेरिका मेरिल लिंचकडे वळली, बार्कलेजबरोबरचा सौदा रविवारी फिसकटला, आणि सोमवार उजाडायच्या आत सगळं संपलं. लेहमनचा धोका पुढच्या पाच वर्षांवर सारखा पसरलेला नव्हता. तो पुढच्या काही दिवसांत दाटला होता. हे दोन दिवस निभावले असते, कोणी मोठ्या बँकेने ती घेतली असती, तर नंतरची वर्षं बरीच निर्धोक ठरली असती. स्थिर दराने या दोन अगदी वेगळ्या काळांची सरासरी काढली आणि आजचा धोका लपवला.

हे ओळखायची खूण बाजारातच मिळते. एकाच कंपनीचे एक वर्षाचे आणि पाच वर्षांचे हप्ते शेजारी ठेवायचे. धडधाकट कंपनीचा एक वर्षाचा हप्ता कमी असतो, कारण वर्षभरात तिला काही होईल असं सहसा कोणाला वाटत नाही. जितकी मुदत लांब तितका हप्ता चढा. हा क्रम उलटला, एक वर्षाचा हप्ता पाच वर्षांच्या वर गेला, की बाजाराला धोका जवळ आलेला दिसतोय. तिथे एक स्थिर दर धरणं सोडून द्यावं लागतं. व्यवहारात मग प्रत्येक टप्प्याला वेगळा हॅझर्ड रेट काढतात: आधी एक वर्षाच्या हप्त्यातून पहिल्या वर्षाचा, तो पक्का धरून तीन वर्षांच्या हप्त्यातून पुढच्या दोघांचा, आणि असंच पुढे. झटपट सूत्रापेक्षा हे काम लांबचं, पण टप्प्याटप्प्याने तेच आहे.

शिवाय या सगळ्यातून निघणारी शक्यता म्हणजे भाकीत नव्हे. विक्रेता नुसत्या सरासरी नुकसानीवर समाधान मानत नाही. मंदीत एकाच वेळी बऱ्याच कंपन्या बुडतात, तेव्हा त्याचेही हात रिकामे असतात. तो धोका पत्करायचा मोबदला हप्त्यात मिळवलेला असतो. त्यामुळे हप्त्यातून काढलेला दर प्रत्यक्षात कंपन्या बुडतात त्यापेक्षा सहसा जास्त दिसतो. भारतातल्या वाचकाला याचा उपयोग एका ठिकाणी होतो. भारत सरकार परदेशात डॉलरचे रोखे विकत नाही. म्हणून परदेशी गुंतवणूकदार भारताच्या पतीचा अंदाज घ्यायला अनेकदा मुंबईतल्या स्टेट बँकेच्या डॉलर कर्जावरचा सीडीएस पाहतात. हा हप्ता समजा 100 बेसिस पॉइंट झाला आणि वसुली 40 टक्के धरली, तर हॅझर्ड रेट 1.67 टक्के आणि पाच वर्षांत बुडण्याची शक्यता 8 टक्के निघते. स्टेट बँक बुडण्याची शक्यता बारात एक आहे, असा त्याचा अर्थ काढणं साफ चूक. त्या आकड्यात डॉलरची चणचण, जगभरातली धास्ती आणि विक्रेत्याचा मोबदला सगळं मिसळलेलं असतं. आकडा कालच्यापेक्षा चढला की उतरला, हे त्यातलं जास्त कामाचं.

सूत्रात न मावणारी आणखी एक गोष्ट आहे: λ नेमका कोणत्या घटनेचा दर? मार्च 2023 मध्ये क्रेडिट स्विस या स्वित्झर्लंडमधल्या बँकेचा एक वर्षाचा हप्ता 1000 बेसिस पॉइंटांच्या वर गेला आणि पाच वर्षांच्या हप्त्याला बराच मागे टाकून गेला. त्रिकोणाने हॅझर्ड रेट निघतो साडेसोळा टक्क्यांच्या पुढे. 19 मार्चला सरकारच्या पुढाकाराने यूबीएसने ती बँक घेतली. त्यात एटी-1 प्रकारचे सुमारे 16 अब्ज फ्रँकचे रोखे शून्यावर आणले गेले, आणि ते बाळगणाऱ्यांचं सगळं भांडवल गेलं. पण वरिष्ठ रोखे शाबूत राहिले, त्यांचं देणं यूबीएसकडे गेलं. सीडीएसच्या घटना ठरवणाऱ्या समितीकडे प्रश्न गेला, तेव्हा करारातल्या व्याख्येप्रमाणे भरपाई देण्याजोगं काही घडलेलं नाही असा निर्णय तिने दिला. त्या आठवड्यात हजार बेसिस पॉइंट मोजून संरक्षण घेणाऱ्याचा क्रेडिट स्विस संपणार हा अंदाज बरोबर होता. त्याला भरपाई मिळाली नाही.